बॅच किती नगांची घ्यायची?

भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं प्रेस शॉप उदाहरणादाखल घेऊ. पंपाच्या मोटरला मागून बसणारं पत्र्याचं झाकण तिथे तयार होतं. सीआर पत्र्याचा गोल ब्लँक हायड्रॉलिक प्रेसमध्ये ठेवतात, पंच खाली येतो आणि सपाट पत्र्याची खोल वाटी होते. मोटर बनवणाऱ्या कंपनीला वर्षाला ६०,००० झाकणं लागतात. कामाचे दिवस ३०० धरले तर रोज २०० नग जातात. प्रेस मात्र दिवसाला १,००० नग काढू शकतो. म्हणजे हा आयटम रोज चालवण्याची गरज नाही. काही दिवस सलग चालवायचा, साठा करायचा, डाय उतरवून दुसरं काम लावायचं आणि साठा संपत आला की पुन्हा डाय चढवायची. एकदा डाय चढवली की किती नग काढून उतरवायची, हा या लेखाचा प्रश्न आहे. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. स्वतःच्या शॉपचे आकडे त्यांच्या जागी घातले की हिशेब तसाच चालतो.

बॅच शीटवर काय येतं

एकसारखे नग गटाने तयार होतात तेव्हा प्रत्येक नगाचा वेगळा हिशेब ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून पूर्ण गटाला एक नंबर देतात आणि त्या नंबरावर सगळा खर्च चढवतात. शेवटी एकूण खर्चाला चांगल्या नगांच्या संख्येने भागलं की एका नगाची किंमत निघते. हेच बॅच कॉस्टिंग. औषधाच्या गोळ्या, बिस्किटं, तयार कपडे, नट-बोल्ट, सुटे भाग अशा सगळ्या ठिकाणी हीच पद्धत चालते.

आपल्या झाकणाची ६,००० नगांची बॅच घेऊ. चालू उत्पादनात २ टक्क्यांच्या आसपास नग रिजेक्ट होतात, म्हणून स्टोअरमधून ६,१२० ब्लँक निघतात. ब्लँकचा दर ५० रुपये, म्हणजे ३,०६,००० रुपये. रिजेक्ट झालेले १२० नग भंगारात १५ रुपयांनी गेले, त्याचे १,८०० वजा केले की निव्वळ माल ३,०४,२०० रुपयांचा. प्रेस सुमारे ४१ तास चालला. तासाला प्रेसचे ४५० आणि दोन ऑपरेटरचे मिळून २२०, असे २७,४७० रुपये. झाकणं धुणं, तेल लावणं, क्रेटमध्ये भरणं, डायची देखभाल आणि शॉपचा इतर खर्च मिळून २८,३३० रुपये. बेरीज ३,६०,००० रुपये, म्हणजे नगाला बरोबर ६० रुपये.

यात अजून सेटिंग आलेलं नाही. डाय चढवून पहिला नग पास होईपर्यंत २,८८० रुपये जातात (तपशील पुढे येतो). ते ६,००० नगांवर वाटले तर नगाला ४८ पैसे पडतात आणि शीटवर ६० रुपये ४८ पैसे दिसतात.

ग्राहकाने मध्येच फक्त ५०० नगांची वेगळ्या खोलीची ऑर्डर दिली, तर सेटिंग तेवढंच लागतं, पण वाटून घ्यायला नग कमी असतात. नगाला ५ रुपये ७६ पैसे पडतात आणि किंमत ६५ रुपये ७६ पैशांवर जाते. नेहमीचा दर लावून ही ऑर्डर घेतली तर २,६४० रुपये खिशातून जातात. लहान ऑर्डरचं कोटेशन देताना सेटिंगची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवण्याचा रिवाज मला म्हणूनच योग्य वाटतो. ग्राहकालाही दर का वाढला ते समजतं.

शीट नेहमी मोठ्या बॅचच्या बाजूने बोलते

आता फोरमनच्या जागी उभं राहून पाहा. महिन्याच्या बैठकीत त्याच्यापुढे नगाची किंमत ठेवली जाते. ६,००० च्या बॅचला ६०.४८ रुपये. तोच १२,००० ची बॅच चालवतो तेव्हा सेटिंग २४ पैशांवर येतं आणि शीट ६०.२४ दाखवते. २४ हजारांची घेतली तर आणखी १२ पैसे वाचतात. शीटकडे पाहिलं तर बॅच जितकी मोठी तितकं काम स्वस्त.

पण १२,००० झाकणांची रास स्टोअरमध्ये महिनोन्महिने पडून राहते, आणि त्या पडून राहण्याचा एक पैसाही या शीटवर येत नाही. बँकेचं व्याज वर्षाअखेरच्या नफा-तोटा पत्रकात वित्तीय खर्चाच्या ओळीत जातं. गोदामाचं भाडं सगळ्या कामांवर सरसकट वाटलं जातं. गंज काढायला लागलेली मजुरी ‘किरकोळ दुरुस्ती’त मिसळते. बॅच शीट बंद होते त्या दिवशी शेवटचा नग क्रेटमध्ये पडलेला असतो. पडून राहण्याचा खर्च त्या दिवसापासून सुरू होतो.

माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. शीटमध्ये चूक नसते. झालेला खर्च मोजायला ती केलेली असते, बॅचचा आकार ठरवायला नाही. आकार ठरवायचा तर वर्षभराचं सेटिंग आणि वर्षभराची साठवण या दोन्ही रकमा समोरासमोर ठेवाव्या लागतात.

सेटिंगचे २,८८० रुपये कुठे जातात

आधीची डाय उतरवली जाते. झाकणाची डाय रॅकमधून फोर्कलिफ्टने येते, बेडवर सरकते, पंच आणि डाय एका रेषेत आणून क्लॅम्प आवळले जातात. मग स्ट्रोकची खोली लावायची. हे सगळं ठरल्या वेळात होतं. वेळ खाणारी गोष्ट म्हणजे कुशन प्रेशर. ब्लँकची कड धरून ठेवणाऱ्या होल्डरला खालून जो दाब मिळतो तो कमी पडला, तर पत्रा सैल आत ओढला जातो आणि वाटीच्या काठाला सुरकुत्या येतात. दाब जास्त झाला, तर पत्रा आत सरकतच नाही आणि पंचाच्या गोलाईपाशी फाटतो. पत्र्याचा नवा लॉट आला की गेल्या वेळचं प्रेशर चालेलच असं नाही. म्हणून सेटर एक नग काढतो, काठावरून बोट फिरवतो, तळाची गोलाई उजेडात धरून पाहतो, प्रेशर थोडं बदलतो आणि पुढचा ब्लँक ठेवतो. असे दहा-बारा नग गेल्यावर एक नग इन्स्पेक्शनला जातो.

या सगळ्याला ३ तास धरले. सेटरचे तासाला १६० आणि हेल्परचे १०० असे ७८० रुपये. प्रेस ३ तास अडकला, ४५० च्या दराने १,३५०. ट्रायलचे १२ ब्लँक गेले, भंगार वजा जाता नगाला ३५ प्रमाणे ४२०. इन्स्पेक्शनचे १५० आणि फोर्कलिफ्ट, साफसफाई, ड्रॉइंग ऑइल यांचे १८०. एकूण २,८८०.

सेटिंगची वेळ मोजण्यात एक चूक सर्रास होते. जॉब कार्डवर सेटर डाय आवळायला लागलेला वेळ लिहितो, आणि ट्रायलमध्ये गेलेला तास ‘उत्पादन’ म्हणून धरला जातो. खरी वेळ आधीच्या आयटमचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून या आयटमचा पहिला पास झालेला नग निघेपर्यंत असते. कार्डवर या दोन वेळा लिहायला दोन रकाने ठेवले तर पंधरा दिवसांत खरा आकडा समोर येतो. बॅचच्या पहिल्या दिवशीचं उत्पादन बाकीच्या दिवसांपेक्षा सारखं कमी दिसत असेल, तर सेटिंगचा वेळ उत्पादनात लपला आहे असं समजावं.

साठवणीचे १२ रुपये

एक झाकण पूर्ण वर्ष स्टोअरमध्ये ठेवलं तर काय लागतं? ६० रुपयांच्या मालात अडकलेल्या पैशावर कॅश क्रेडिटचं ११ टक्के व्याज धरलं तर ६ रुपये ६० पैसे. जागेचे २ रुपये ४० पैसे. गंज काढणं, पोचा आलेले नग सरळ करणं यांचे १ रुपया ८० पैसे. आणि ग्राहकाने ड्रॉइंग बदललं तर साठा भंगारात जाण्याची जोखीम, तिचा १ रुपया २० पैसे. मिळून १२ रुपये, म्हणजे किमतीच्या २० टक्के.

गंजाला इथे किरकोळ समजू नये. सीआर पत्र्यावर तेलाचा थर पातळ राहिला तर पावसाळ्याच्या दमट हवेत तांबूस ठिपके यायला वेळ लागत नाही. एकावर एक बसलेल्या वाट्यांच्या मधल्या फटीत तर ते बाहेरून दिसतही नाहीत. स्टोअरमध्ये खालच्या क्रेटमधला माल वर्षानुवर्षं खालीच राहत असेल आणि नवी बॅच वर रचली जात असेल, तर हा खर्च १ रुपया ८० पैशांहून बराच जास्त आहे हे नक्की.

जागेचा आकडा मात्र तपासून घ्यावा. गोदाम स्वतःचं असेल आणि अर्धं रिकामं पडलं असेल, तर साठा कमी केल्याने जागेचा एक रुपयाही वाचत नाही. मग ते २ रुपये ४० पैसे गणितातून काढून टाकावेत. जागा भाड्याची असेल किंवा क्रेट प्रेसच्या वाटेत येऊ लागले असतील, तर ते ठेवावेत.

साठा एकदम येत नाही

६,००० नगांची बॅच म्हणजे ६,००० नगांचा साठा, असं सहज वाटतं. पण बॅच काढायला ६ दिवस लागतात आणि त्या ६ दिवसांतही रोज २०० नग ग्राहकाकडे जातच असतात. रोज १,००० येतात आणि २०० जातात, म्हणून साठा रोज ८०० ने वाढतो. सहाव्या दिवशी तो ४,८०० पर्यंत पोचतो आणि पुढच्या २४ दिवसांत शून्यावर येतो. सरासरी साठा २,४०० नग. ते १२ रुपयांनी गुणले की वर्षाची साठवण २८,८०० रुपये.

बाहेरून विकत घेतलेला माल एका खेपेत येतो, म्हणून खरेदीच्या सूत्रात ही सवलत नसते. अमेरिकन इंजिनिअर फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या मासिकात मूळ सूत्र मांडलं. त्यांचा प्रश्न एका वेळी किती भाग बनवावेत हाच होता. उत्पादन चालू असताना मागणीही चालू असते, ही दुरुस्ती पुढे ई. डब्ल्यू. टॅफ्ट यांनी १९१८ मध्ये केली. आपल्याला लागणारं सूत्र हे:

```
Q = √( 2 × D × S ÷ ( H × (1 − d/p) ) )
```

D ही वर्षाची मागणी, S एका सेटिंगचा खर्च, H एका नगाचा वर्षाचा साठवण खर्च, d रोजची मागणी आणि p रोजचं उत्पादन. आपले आकडे घातले तर वरच्या बाजूला ३४,५६,००,००० येतात. खाली १२ गुणिले ०.८, म्हणजे ९.६. भागाकार ३,६०,००,००० आणि त्याचं वर्गमूळ ६,०००. कंसातली दुरुस्ती विसरलो असतो तर उत्तर ५,३६७ आलं असतं. प्रेस मागणीच्या वीस-तीस पट वेगाने चालत असेल तर हा कंस सोडला तरी बिघडत नाही. पाचपट असेल तर सोडू नये.

६,००० वरच का थांबायचं

वर्गमूळ बाजूला ठेवून हेच साध्या वाढ-घटीने पाहता येतं. बॅच १,००० नगांनी वाढवली की सरासरी साठा ४०० ने वाढतो आणि वर्षाची साठवण ४,८०० रुपयांनी. ही वाढ प्रत्येक वेळी तेवढीच असते. सेटिंगमधली बचत मात्र दर पायरीला कमी होत जाते. ३,००० वरून ४,००० वर गेलं तर वर्षाची सेटिंग २० ऐवजी १५ होतात आणि १४,४०० रुपये वाचतात. ४,००० वरून ५,००० वर ८,६४० वाचतात. ५,००० वरून ६,००० वर ५,७६०. अजूनही ४,८०० पेक्षा जास्त, म्हणून पुढे जाणं परवडतं. ६,००० वरून ७,००० वर मात्र फक्त ४,११४ वाचतात आणि ४,८०० लागतात. तिथे थांबायचं. त्या थांब्यावर सेटिंगचे वर्षाचे २८,८०० आणि साठवणीचे २८,८०० सारखेच निघतात. या सूत्रात ते नेहमीच सारखे निघतात, म्हणून आकडेमोड बरोबर आहे का ते तपासायला ही खूण चांगली.

| बॅच (नग) | वर्षाची सेटिंग | सेटिंग खर्च (रु.) | साठवण खर्च (रु.) | एकूण (रु.) |
|---|---|---|---|---|
| ३,००० | २० | ५७,६०० | १४,४०० | ७२,००० |
| ४,००० | १५ | ४३,२०० | १९,२०० | ६२,४०० |
| ५,००० | १२ | ३४,५६० | २४,००० | ५८,५६० |
| ६,००० | १० | २८,८०० | २८,८०० | ५७,६०० |
| ७,५०० | ८ | २३,०४० | ३६,००० | ५९,०४० |
| १०,००० | ६ | १७,२८० | ४८,००० | ६५,२८० |
| १२,००० | ५ | १४,४०० | ५७,६०० | ७२,००० |

शेवटचा रकाना वरून खाली सावकाश वाचावा. ५,००० आणि ६,००० मध्ये वर्षाला ९६० रुपयांचाच फरक आहे. ७,५०० घेतली तरी १,४४० जास्त. तळाशी हा आकडा बराच सपाट असतो आणि टोकांना चढतो. म्हणून या शॉपमध्ये मी ५,००० ची बॅच ठेवीन. ग्राहकाचं शेड्यूल महिन्याचं असतं आणि ५,००० म्हणजे बरोबर महिन्याची गरज. दर महिन्याला एकदा डाय चढते, सगळ्यांच्या लक्षात राहतं, पत्र्याची ऑर्डरही महिन्याची देता येते. एवढ्या सोयीसाठी ९६० रुपये मोजणं योग्यच आहे.

या सपाटपणाचा आणखी एक फायदा आहे. S किंवा H चा अंदाज अगदी दुपटीने चुकला, तरी वर्गमुळामुळे बॅच जास्तीत जास्त १.४१ पट इकडे-तिकडे होते आणि एकूण खर्च ६ टक्क्यांच्या आसपास वाढतो. तेव्हा साठवणीचा दर १९ टक्के की २१, यावर बैठक घेण्यात वेळ घालवू नये. बारा हजारांची बॅच मात्र शीटवर २४ पैसे स्वस्त दिसते आणि वर्षाला १४,४०० रुपये जास्त खाते. चूक अशी मोठी असते तेव्हाच तिची किंमत मोठी असते.

प्रेस रिकामा असेल तर उत्तर बदलतं

सेटिंगच्या २,८८० मध्ये प्रेसचे १,३५० आणि सेटर-हेल्परचे ७८० आहेत. कोटेशन काढताना हे दोन्ही घेतलेच पाहिजेत, नाहीतर दर कमी पडेल. बॅचचा आकार ठरवताना मात्र वेगळा प्रश्न विचारावा लागतो: एक सेटिंग कमी केलं तर खरोखर कुठला पैसा वाचेल?

समजा प्रेसला पुरेसं काम नाही आणि तो महिन्यातले बरेच दिवस बंदच असतो. मग सेटिंगसाठी ३ तास अडकला तरी कुठलं उत्पादन बुडत नाही. घसारा आणि भाडं तेवढंच राहतं. सेटर, हेल्पर आणि इन्स्पेक्टर महिन्याच्या पगारावर असतील तर एक सेटिंग टळल्याने पगार कमी होत नाही. खरोखर जाणारे पैसे फक्त ट्रायलच्या ब्लँकचे ४२० आणि किरकोळ १८०, असे ६०० रुपये. S ६०० घातलं की बॅच ६,००० ऐवजी २,७३९ येते. सोयीने २,५०० ठेवली तर वर्षाला २४ सेटिंग होतात, १४,४०० रुपये सेटिंगला आणि १२,००० साठवणीला, एकूण २६,४००. त्याच परिस्थितीत ६,००० ची बॅच ३४,८०० ला पडली असती. प्रेस रिकामा असताना लोक ‘मशीन बसून राहू नये’ म्हणून मोठ्या बॅच काढतात. गणित बरोबर उलट सांगतं. रिकाम्या मशीनवर वारंवार सेटिंग करायला फारसं काही लागत नाही, साठ्यात अडकलेल्या पैशावर मात्र रोज व्याज चढतं.

याच्या उलट, प्रेस पूर्ण भरलेला असेल आणि कामं नाकारावी लागत असतील, तर तासाचे ४५० हा दरही कमी पडतो. त्या तासात दुसऱ्या कामातून जे सुटलं असतं ते सगळं S मध्ये धरावं लागतं. म्हणजे याच डायचा, याच सेटरचा सेटिंग खर्च मंदीत ६०० असू शकतो आणि तेजीत ५,०००. शीटवरचा S उचलून सूत्रात टाकणं ही मला पुस्तकी उदाहरणांची सर्वांत मोठी उणीव वाटते.

एक प्रेस, अनेक आयटम

सूत्र एका आयटमचा विचार करतं, जणू प्रेस त्याच्यासाठीच आहे. प्रत्यक्षात त्या प्रेसवर पाच डाय चढत-उतरत असतात. प्रत्येकाचा हिशेब वेगळा केला की एकाला ३० दिवसांनी यायचं असतं, दुसऱ्याला ४५ दिवसांनी, आणि कधीतरी दोघांचा साठा एकाच सकाळी संपतो. मग एका ग्राहकाची लाइन थांबते किंवा चालू बॅच अर्ध्यात तोडून डाय उतरवावी लागते, आणि त्या तोडण्याचं सेटिंग कोणत्याच हिशेबात नसतं.

म्हणून आधी तास मोजावेत. वर्षाचे ३०० दिवस, ८ तासांची एक शिफ्ट, म्हणजे २,४०० तास. पाचही आयटम मिळून चालू उत्पादनाला ९० टक्के वेळ लागत असेल तर २४० तास उरतात. देखभाल आणि ब्रेकडाउनला १५० तास सोडले की सेटिंगसाठी ९० तास राहतात. ३ तासांचं एक, म्हणजे वर्षाला फक्त ३० सेटिंग. पाच आयटममध्ये वाटली तर प्रत्येकाला ६. आपल्या झाकणाची बॅच मग १०,००० वर जाते, सूत्र काहीही म्हणो.

अशा वेळी सर्व आयटमना एकच फेरी लावणं सगळ्यात सुटसुटीत पडतं. ५० कामाच्या दिवसांची एक फेरी, त्यात पाचही डाय ठरलेल्या क्रमाने एकेकदा चढतात. प्रत्येक बॅच म्हणजे त्या आयटमची ५० दिवसांची गरज. क्रम लावताना एकाच जाडीचा पत्रा आणि जवळपासच्या उंचीच्या डाय पाठोपाठ घ्याव्यात, म्हणजे मधली सेटिंग लवकर होतात. तक्त्यात १०,००० ला ६५,२८० रुपये आहेत, म्हणजे ६,००० पेक्षा ७,६८० जास्त. एका आयटमपुरती ही रक्कम प्रेसवर वेळ नसल्याबद्दल मोजलेली किंमत आहे, आणि असे पाच आयटम आहेत.

सेटिंगचेच ३ तास कमी केले तर

इथपर्यंत S दिलेला आहे असं धरून आपण Q शोधला. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी S वरच हात घातला. १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनी प्रेसच्या सेटिंगला ४ तास लागत होते. ते आधी दीड तासावर आणि नंतर ३ मिनिटांवर आणलं गेलं. पद्धतीचं मूळ साधं आहे. प्रेस बंद असतानाच जी कामं करावी लागतात ती वेगळी काढायची आणि बाकीची सगळी आधीची बॅच चालू असतानाच उरकायची.

आपल्या शॉपमध्ये याचा अर्थ असा. डाय आदल्या बॅचच्या शेवटच्या तासात रॅकमधून काढून, पुसून, ड्रॉइंग ऑइल लावून प्रेसशेजारी रोलरच्या ट्रॉलीवर उभी करायची, म्हणजे फोर्कलिफ्टची वाट पाहावी लागत नाही. सगळ्या डायखाली पट्ट्या देऊन उंची सारखी करायची, म्हणजे स्ट्रोक पुन्हा लावायला नको. बेडवर दोन लोकेटिंग पिन बसवल्या की पंच-डाय जुळवण्यात जाणारा वेळ संपतो. लांब बोल्टच्या जागी झटपट आवळणारे क्लॅम्प लावायचे. आणि प्रत्येक पत्र्याच्या लॉटसोबत चाललेलं कुशन प्रेशर डायच्या कार्डवर लिहून ठेवायचं, म्हणजे सेटरला पुढच्या वेळी योग्य आकड्याच्या जवळून सुरुवात करता येते. ट्रायलचे नग कमी होतात ते मुख्यतः या शेवटच्या सवयीमुळे.

३ तासांचा अर्धा तास झाला तर सेटर-हेल्परचे १३० आणि प्रेसचे २२५ रुपये लागतात. ट्रायलचे ५ ब्लँक १७५, इन्स्पेक्शन १०० आणि किरकोळ ९०. S ७२० वर येतो. खर्च चौथाई झाला, म्हणून वर्गमुळाच्या नियमाने बॅच निम्मी होते: ३,००० नग. वर्षाला २० सेटिंगचे १४,४०० आणि साठवणीचे १४,४००, एकूण २८,८००. आधीच्या ५७,६०० च्या बरोबर निम्मे. सेटिंगची संख्या दुप्पट झाली, तरी त्यात प्रेस वर्षाला ३० तासांऐवजी १० तासच अडकतो. भरलेल्या प्रेसवर तेच ९० तास आता १८० सेटिंगना पुरतात आणि ५० दिवसांची फेरी बरीच लहान करता येते.

बॅच शीटवर आता सेटिंगचे ७२० रुपये ३,००० नगांवर वाटले जातात, नगाला २४ पैसे. फोरमनला ६०.२४ चा आकडा दाखवण्यासाठी पूर्वी १२,००० नगांची बॅच काढावी लागत होती आणि तिचा साठा ९,६०० नगांपर्यंत चढत होता. आता तोच आकडा जास्तीत जास्त २,४०० नगांच्या साठ्यात मिळतो. क्रेटमध्ये २०० झाकणं बसत असतील तर ४८ ऐवजी १२ क्रेट.